मूळ मेलच्या मजकुरातच उत्तरं लिहिताना: रंग, आद्याक्षरं आणि दुसरी फेरी

प्रश्न: ग्राहक एकाच मेलमध्ये आठ-दहा प्रश्न विचारतात. मी त्यांच्याच मजकुरात, प्रत्येक प्रश्नाखाली लाल अक्षरात उत्तर लिहितो. पण आमच्यातले आणखी दोघं लिहायला लागले की कोण काय म्हणालं ते कळत नाही. गेल्या आठवड्यात तर ग्राहक म्हणाले, "तुमचा मेल आला, पण त्यात उत्तरंच नव्हती." मी तर नऊच्या नऊ लिहिली होती. हे नीट करायची पद्धत काय?

उत्तर:

आधी हरवलेल्या उत्तरांचं बघू. त्या मेलमध्ये तुम्ही सगळ्यात वर काहीच लिहिलं नसावं, किंवा नुसतं "नमस्कार" आणि खाली सही एवढंच असेल, असा माझा अंदाज आहे. मेल उघडणारा माणूस वरचा भाग वाचतो. खाली स्वतःचाच जुना मेल दिसला की तो तिथे थांबतो. शिवाय बरेच मेल प्रोग्रॅम जुना वाटणारा मजकूर तीन ठिपक्यांच्या बटणामागे घडी घालून ठेवतात, आणि तुमची उत्तरं नेमकी त्या घडीत गेली असतील तर समोर दिसते ती फक्त सही.

माझ्या बाबतीत याहून वाईट झालं होतं. पुस्तकं आणि माहितीपुस्तिका छपाईपर्यंत नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. एका संस्थेच्या तक्रार-नोंद पत्त्यावरून आलेल्या मेलला मी आत अकरा उत्तरं लिहून पाठवली. त्यांच्या यंत्रणेची रीत अशी होती की आलेल्या मेलमधला नवा मजकूर तेवढा ठेवायचा आणि जुन्या मेलची खूण दिसली की तिथून खालचं सगळं छाटायचं. माझी अकराच्या अकरा उत्तरं त्या खुणेच्या खाली. त्यांच्या नोंदीत फक्त माझी सही पोचली, आणि चार दिवसांनी "उत्तर नाही" म्हणून नोंद बंद झाली. "या ओळीच्या वर उत्तर लिहा" अशी ओळ ज्या मेलच्या डोक्यावर असते, तिथे तेव्हापासून मी आत काहीही लिहीत नाही. प्रश्नांची नक्कल वर आणतो आणि तिथेच उत्तरं देतो.

म्हणून पहिलं काम वरच्या ओळीचं. मी ती अशी लिहितो: "नमस्कार. खाली तुमच्याच मजकुरात नऊही प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. प्रत्येक उत्तर [अप 1] या खुणेने सुरू होतं आणि निळ्या रंगात आहे. प्रश्न 4 चं पक्कं उत्तर तुमच्याकडून काही कळल्यावर देईन." खुणेतलं अप म्हणजे उत्तर देणाऱ्याची आद्याक्षरं, अंकाचं पुढे सांगतो. या ओळीत उत्तरांची संख्या सांगणं मला फार उपयोगी वाटतं. वाचणाऱ्याला सातच दिसली तर काहीतरी दडलंय हे त्याला लगेच समजतं आणि तो ते तीन ठिपके उघडतो. रंगाचं नाव मी सांगतो, पण खुणेनंतर. रंग पोचेल याची खात्री नसते, खुणेची असते.

आता रंगावरच येऊ. रंग हा मेलमधल्या अक्षरांच्या सजावटीचा भाग आहे आणि मेल हातोहात जाताना ही सजावट सहज गळून पडते. कोणी साध्या मजकुराच्या रूपात मेल वाचतो, कोणी तो कृष्णधवल छापतो, कोणी दोन उत्तरं उचलून चॅटमध्ये डकवतो. यातल्या प्रत्येक वेळी तुमचं लाल उत्तर आणि ग्राहकाचा काळा प्रश्न एकाच रंगाचे होतात आणि सलग परिच्छेदासारखे दिसतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनं वापरणाऱ्यांना तर रंग साधारणपणे सांगितलाच जात नाही. वेब सुलभतेच्या WCAG या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच सांगितलंय की एखादी गोष्ट केवळ रंगाने दाखवू नये, सोबत दुसरी काही खूण हवी.

लाल रंगाची वेगळी अडचण आहे. लाल-हिरवा फरक नीट न कळणारे पुरुष वाटतात त्याहून बरेच असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मागे एक, असं मोजलं गेलंय. त्यातल्या एका प्रकारात लाल रंग मुळातच काळपट दिसतो, म्हणजे पांढऱ्यावरची बारीक लाल अक्षरं जवळजवळ काळीच वाटतात. आणि दिसली तरी लाल शाईचा सूर वेगळा लागतो. ग्राहकाच्या मजकुरावर लाल अक्षरं पाहिली की वही तपासून आल्यासारखं वाटतं. दोन ग्राहकांनी मला हे बोलून दाखवलं, तेव्हा मी लाल सोडला.

मी निळा वापरतो, पण कुठलाही निळा नाही. आउटलुक आणि वर्डच्या ठरावीक रंगपट्टीतला गडद निळा इतका गडद आहे की लहान अक्षरात तो काळ्यापासून वेगळा ओळखूच येत नाही. उलट भडक शुद्ध निळा पांढऱ्यावर उत्तम दिसतो, पण वाचणाऱ्याने फोनवर काळी पार्श्वभूमी लावली असेल तर काळ्यात बुडतो. काही प्रोग्रॅम अशा वेळी रंग आपोआप उजळ करतात, काही करत नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. त्याच पट्टीतला मधला निळा, ज्याचा अंक `#0070C0` आहे, दोन्हीकडे निभावतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक गुणोत्तराने मोजतात आणि वर म्हटलेल्या तत्त्वांत साध्या मजकुरासाठी ते किमान 4.5 मागितलंय. मधला निळा पांढऱ्यावर साधारण 5.1 आणि काळ्यावर 4.1 येतो. शुद्ध निळा पांढऱ्यावर 8.6 असतो, पण काळ्यावर फक्त 2.4. मधला निळा काळ्यावर किंचित कमी पडतो हे खरं, पण वाचता येतो. फक्त उत्तराखाली अधोरेखन करू नका. निळं आणि अधोरेखित म्हटलं की लोक दुवा समजून त्यावर टिचकी मारत बसतात.

तिघं असाल तर तीन रंग घेऊ नका. दोन रंगांपर्यंत माणूस लक्षात ठेवतो, पुढे "जांभळा कोण होता?" असं सुरू होतं आणि मग कोणीतरी वर रंगांची यादी देतो. ती यादी वाचून खाली जायचं, परत वर यायचं. सगळ्यांची उत्तरं एकाच निळ्यात असू द्या आणि माणूस आद्याक्षरांवरून ओळखू द्या. रंगाकडे एवढंच काम: इथे प्रश्न संपला, इथे उत्तर सुरू झालं.

आद्याक्षरांत मराठीचे स्वतःचे दोन-तीन खाचखळगे आहेत, ते इंग्रजीवाल्यांना येत नाहीत. पहिला असा, की खूण चौकोनी कंसातच हवी. नुसतं "अप" लिहिलंत आणि मेलमध्ये "अप" शोधलंत, तर "अपेक्षा", "अपूर्ण", "अपलोड" असं सगळं सापडतं. `[अप` असं शोधलंत तर फक्त उत्तरं येतात. दुसरा असा, की एकदा "अ.प.", एकदा "अप", एकदा "अ प" असं लिहू नका. माणसाला तिन्ही सारखीच वाटतात, शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तीन वेगळी. आणि तिसरा, तुमच्यातला एक जण देवनागरीत खूण लिहितो नि दुसरा रोमन लिपीत, असं होऊ देऊ नका. पहिल्याच मेलला काय ते ठरवा. दोघांची आद्याक्षरं तीच असतील तर एकाने आडनावाची दोन अक्षरं घ्यावीत. तिरपी अक्षरं खूण म्हणून वापरू नका. देवनागरी तिरकी केली की वाचायला त्रास होतो आणि तरीही ती चटकन वेगळी दिसत नाही.

आद्याक्षरांपुढचा अंक म्हणजे मेलची फेरी. पहिलं उत्तर 1, त्यावर ग्राहकाने आत लिहिलं ते 2, त्यावर तुम्ही पुन्हा लिहिलंत ते 3. उत्तरांचा हा अनुक्रमांक नाही, त्या एका मेलमधल्या सगळ्या उत्तरांना तोच अंक मिळतो. गेल्या महिन्यातल्या एका पुस्तिकेच्या मेलमधला तिसरा प्रश्न दाखवतो. आद्याक्षरं बदललीत, बाकी जवळपास तसंच आहे. [अप] मी, [सक] ग्राहक.

```
3. मुखपृष्ठाची अंतिम फाइल कधी मिळेल
   आणि कोणत्या आकारात?
[अप 1] कधी: मंगळवारी संध्याकाळी.
       आकार: आतल्या पानांएवढा, शिवाय
       चारही बाजूंना 3 मिमी जास्त.
[सक 2] मंगळवारी मी नाही. सोमवारी जमेल?
[अप 3] हो, सोमवारी 5 वाजेपर्यंत.
```

हे बारकाईने बघा. ग्राहकाच्या एका वाक्यात दोन प्रश्न होते. असं वाक्य मधेच तोडून "कधी मिळेल" च्या पुढे एक उत्तर आणि "आकारात" च्या पुढे दुसरं, असं करायचा मोह होतो. तो टाळा. वाक्य तोडलं की दुसऱ्या फेरीत मूळ प्रश्न काय होता तेच कळेनासं होतं. पूर्ण वाक्याखाली एकच उत्तर द्या आणि त्यात "कधी", "आकार" असे ग्राहकाचेच शब्द धरून दोन्ही भाग वेगळे करा. शिवाय ग्राहकाच्या मजकुरात एक अक्षरही बदलू नका, त्याची शुद्धलेखनाची चूकसुद्धा नाही. हा मजकूर त्याच्या नावावर आहे. पुढे वाद निघालाच तर "हे मी असं लिहिलंच नव्हतं" एवढं एक वाक्य तुमची सगळी उत्तरं संशयात टाकतं. नको असलेला मोठा परिच्छेद काढायचा असेल तर काढा, पण तिथे `[…]` ठेवा.

अंकाचा खरा फायदा तिसऱ्या फेरीत कळतो. ग्राहक मेल उघडतो, त्यात नऊ प्रश्न, नऊ जुनी उत्तरं, त्याचे स्वतःचे चार शेरे आणि त्यांवरची माझी चार उत्तरं. त्याला फक्त नवीन काय ते हवंय. वर मी लिहिलेलं असतं: "या खेपेचं नवीन सगळं `3]` ने शोधा." तो संगणकावर `Ctrl+F` दाबून चार ठिकाणी जातो आणि काम झालं. नुसत्या रंगावर चाललो असतो तर पहिल्या फेरीतलं निळं आणि तिसऱ्या फेरीतलं निळं यांत फरक कसा करणार? मग प्रत्येक फेरीला नवा रंग येतो आणि मेल होळीसारखा दिसायला लागतो.

एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तिथे मोकळं सोडू नका. मोकळ्या जागेचे चार अर्थ होतात: मान्य आहे, माहीत नाही, वाचायचं राहिलं, किंवा मुद्दाम टाळलं. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो, आणि बहुतेक वेळा तो "मान्य आहे" हाच असतो. एका कामात कागद बदलण्याबद्दलच्या ओळीखाली मी काहीच लिहिलं नाही, कारण किंमत विचारायची राहिली होती. ग्राहकाने ती संमती धरली. तेव्हापासून `[अप 1] अजून विचारलेलं नाही, गुरुवारी सांगतो.` एवढं तरी प्रत्येक ओळीखाली लिहितो. नुसती माहिती देणारी, प्रश्न नसलेली ओळ असेल तर `[अप 1] पाहिलं.`

आता तिघांचा गोंधळ, जो मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा वाटतो. इथे खुणेने अर्धंच काम होतं. एकाच वेळी सगळे लिहू शकतील असा कागद म्हणजे मेल नव्हे. ग्राहकाच्या मेलला सकाळी तुम्ही उत्तर दिलंत, दुपारी तुमच्या सहकाऱ्यानेही त्याच मूळ मेलला दिलं. आता दोन मेल आहेत. एकात तुमची नऊ उत्तरं, दुसऱ्यात त्याची तीन, आणि कुठल्याही एका मेलमध्ये बारा नाहीत. ग्राहक सगळ्यात ताजा मेल उघडतो, तीन उत्तरं बघतो, त्यावर स्वतःचे शेरे लिहितो. तुमची नऊ मागे पडली. तुमच्या ग्राहकाला उत्तरं न दिसण्याचं हेही कारण असू शकतं, तारखा-वेळा ताडून बघा.

यावर मी एकच नियम पाळतो: ग्राहकाला एकच जण उत्तर देणार. बाकीचे आपापली उत्तरं त्या एकाकडे पाठवतात आणि तो ती मूळ मेलमध्ये त्यांच्या आद्याक्षरांनी घालतो. `[रद 1]` असं लिहिलं की ते उत्तर रद यांचं आहे हे ग्राहकाला कळतं, पाठवणारा मी असलो तरी. घाई असेल तर साखळी करा: पहिला आपली उत्तरं लिहून फक्त दुसऱ्याला पाठवतो, दुसरा त्याच मेलवर लिहून तिसऱ्याला, आणि शेवटचा ग्राहकाला. यात वेळ जातो, पण दोन फांद्या होत नाहीत. मात्र त्या आतल्या मेलमध्ये एकमेकांसाठी लिहिलेले शेरे ग्राहकाला जाण्याआधी काढायला विसरू नका. ते विसरलं तर काय होतं, हे सांगायला नको.

फांद्या झाल्याच असतील तर ताजा मेल घ्या, दुसऱ्यातली उत्तरं उचलून योग्य प्रश्नाखाली डकवा आणि वर लिहा: "दोन्ही मेलमधली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुढचं कृपया याच मेलवर लिहावं." डकवताना रंग बहुधा उडतो किंवा भलताच येतो. आद्याक्षरं आणि अंक मात्र जसेच्या तसे येतात, आणि नंतर रंग पुन्हा लावायला अर्धं मिनिट पुरतं.

प्रोग्रॅमबद्दल थोडंसं. क्लासिक आउटलुकमध्ये ही खूण आपोआप येण्याची सोय आहे. `File`, मग `Options`, मग `Mail` मध्ये जा. `Replies and forwards` या भागात `Preface comments with` वर खूण करा आणि समोरच्या चौकटीत आलेलं पूर्ण नाव खोडून आद्याक्षरं लिहा. त्यानंतर मूळ मजकुरात कुठेही कर्सर ठेवून टाइप करायला लागलात की आधी चौकोनी कंसात तुमची खूण उमटते. फेरीचा अंक मात्र स्वतः घालावा लागतो. त्याच `Mail` पानावरच्या `Stationery and Fonts` मध्ये `Pick a new color when replying or forwarding` असा पर्याय दिसेल. त्यात रंग प्रोग्रॅम निवडतो, तुम्ही नाही, म्हणून मी तो बंद ठेवतो.

जीमेलमध्ये उत्तर लिहायला घेतलं की मूळ मजकूर तीन ठिपक्यांखाली असतो. ते दाबून तो उघडा, प्रश्नाच्या शेवटी कर्सर न्या आणि एन्टर मारा. डावीकडे उभी रेघ असते, ती तुमच्या नव्या ओळीलाही लागून राहिली तर तुमचं उत्तर ग्राहकाच्याच मजकुराचा भाग बनतं. ते त्याचंच वाक्य वाटतं आणि समोर घडीत जाण्याची शक्यता वाढते. `Ctrl+[` दाबून ओळ डावीकडे रेघेच्या बाहेर आणा, मग लिहा. फोनवर हे सगळं करू नका. मी तरी फोनवरून "संध्याकाळी संगणकावर बसून सविस्तर लिहितो" एवढंच कळवतो.

आणखी एक, खूप लांबलेल्या मेलसाठी. जीमेल साधारण 102 केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली `View entire message` असा दुवा दाखवतं. सजावट, सह्या, जुने मेल यांची भर पडत गेली की तिसऱ्या-चौथ्या फेरीत हे होऊ शकतं. शेवटची उत्तरं त्या कापलेल्या भागात जातात. म्हणून प्रत्येक फेरीत त्या नऊ प्रश्नांखालचं सगळं, म्हणजे त्याही आधीचे मेल आणि सह्या, मी काढून टाकतो.

पाठवण्याआधीची एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. मेलचा सगळा मजकूर उचलून नोटपॅडमध्ये नुसता साधा मजकूर म्हणून डकवायचा. तिथे ना रंग, ना ठळक अक्षरं, ना उभी रेघ. फक्त अक्षरं. त्या अवस्थेत प्रश्न कुठे संपला, उत्तर कुणाचं आणि कुठल्या फेरीचं हे कळत असेल तर तो मेल कुठल्याही प्रोग्रॅममध्ये, कुठल्याही फोनवर आणि कागदावर कळेल.

आणि ही पद्धत कुठे वापरू नये तेही सांगतो. तीन फेऱ्यांनंतरही चार प्रश्न उघडे असतील तर तो मेल सोडा. नवा मेल घ्या, त्यात फक्त ते चार प्रश्न आणि आतापर्यंत काय ठरलं ते एकेका ओळीत लिहा, आणि अंक पुन्हा 1 पासून सुरू करा. करारातली कलमं असलेल्या मेलच्या आत लिहू नका. कलमाचा क्रमांक देऊन खाली वेगळं लिहा, म्हणजे मूळ मजकुराला हात लागला अशी शंकासुद्धा येणार नाही. आणि ग्राहक रागावून दोन परिच्छेद लिहितो तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्याखाली `[अप 1]` लावत जाऊ नका. तुमची उत्तरं बरोबर असतील, पण त्याला ती उलटतपासणी वाटेल. अशा मेलला वरच, सलग, चार वाक्यांत उत्तर द्यावं, आणि जमलं तर त्याआधी फोन करावा.